मेन्यू वाचता येतो, बिल मात्र चुकतं

प्रश्न: "मी साताऱ्याची, नर्सिंग झालंय. जर्मनचं ए१ झालं, आता ए२ चालू आहे. वर्गात एक मेन्यूकार्ड देतात आणि खाली प्रश्न असतात: या कुटुंबाचं बिल किती, कोणाला काय चालेल, वीस युरोत काय येईल. शब्द मला येतात, बेरीज तर येतेच. तरी पाचातली तीन उत्तरं चुकतात आणि वेळही पुरत नाही. काय करू?"

तीन उत्तरं चुकली एवढंच तुम्ही लिहिलंत. चुकून काय उत्तर आलं होतं तेही लिहिलं असतंत तर माझं काम निम्मं झालं असतं. मी पुण्यात वीसेक वर्षं जर्मन शिकवते. मेन्यूच्या गणितात मुलांचं उत्तर चुकलं की मी रस्ता विचारत नाही, आकडा विचारते. चुकलेल्या आकड्यावरूनच बहुतेक वेळा कळतं की पाय कुठे घसरला. ते कसं, हे खाली एका मेन्यूवर दाखवते, कारण नुसतं सांगून पटणार नाही.

आधी एक कबुली. अशा प्रश्नांचं वजन किती, हे तुमचा वर्ग कोण घेतं आणि तुम्ही कुठली परीक्षा देणार यावर आहे. गोएथेच्या ए२ परीक्षेत वाचनाच्या भागात मेन्यूचं बिल काढायला लावत नाहीत. तिथे मोठ्या दुकानाची मजल्यांची पाटी असते आणि अमुक वस्तू कुठल्या मजल्यावर मिळेल असं विचारतात. 'वेगळा मजला' असंही एक उत्तर असतं, म्हणजे दिलेल्या दोन मजल्यांपैकी कुठलाच नाही. ए१च्या श्रवणात किमती आणि आकडे ऐकून ओळखायचे असतात. बिलाची बेरीज हा मुख्यतः वर्गातला आणि पाठ्यपुस्तकातला प्रकार आहे. पण कस तिन्हींकडे एकाच गोष्टीचा लागतो: पाटीवरची अट आणि प्रश्नातला माणूस यांची गाठ घालणं. तुमचं अडतं ते तिथेच, असा माझा अंदाज आहे. शब्दसंग्रह आणि बेरीज या दोन्ही गोष्टी तुम्हाला येतात हे मी खरं धरून चालते.

आता हा मेन्यू पाहा. मी वर्गासाठी केलेला आहे. पदार्थ मुद्दाम श्वाबेनकडचे घेतले आहेत, कारण २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाचा बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार झाल्यापासून माझ्या वर्गात तिकडे जायला निघालेल्या नर्स आणि इलेक्ट्रिशियन मंडळींची भर पडली आहे. तुम्हीही बहुधा त्याच वाटेवर असाल.

टागेसझुपे (आजचं सूप): ४,८०
केसश्पेट्स्ले मिट झालाट: ९,९०
श्नित्सेल मिट पोमेस ओडर कार्टोफेलझालाट: १२,५०
किंडरश्नित्सेल मिट पोमेस (बिस १० यारे): ७,५०
बायलागेनझालाट: ३,९०
केचप, मायोनेज: ये ०,५०
आप्फेलशोर्ले: ०,२ लिटर २,६० / ०,४ लिटर ४,४०
मिनरालवासर: ०,२५ लिटर २,४० / फ्लाशे ०,७५ लिटर ५,९०
आणि तळाशी बारीक अक्षरात: मिटाग्सआनगेबोट, मोंटाग बिस फ्राइटाग, ११.३० बिस १४.०० उअर, त्सु येडेम हाउप्टगेरिश्ट टागेसझुपे नुअर ३,५०. सर्व किमती इंक्लुझीवे मेअरवेअर्टश्टॉयर.

प्रश्न असा: बुधवारी 'हाल्प त्स्वाय' वाजता एक कुटुंब येतं. आई मांस नसलेला मुख्य पदार्थ घेते, त्याआधी सूप. बाबा श्नित्सेल आणि बटाट्याचं सॅलड घेतात. मुलगी अकरा वर्षांची, तिलाही श्नित्सेल हवं, पोमेससोबत, आणि केचप व मायोनेज दोन्ही. मुलगा आठ वर्षांचा, तो किंडरश्नित्सेल घेतो. मुलं 'ये आइने क्लाइने आप्फेलशोर्ले' पितात. आईबाबा मिळून पाण्याची एक बाटली घेतात. बिल किती?

पुढे वाचण्याआधी कागदावर काढून बघा.

बरोबर उत्तर ५८ युरो. आईचे ९,९० आणि सूपचे ३,५०, मिळून १३,४०. बाबांचे १२,५०. मुलीचे १२,५० अधिक केचपचे ५० सेंट अधिक मायोनेजचे ५० सेंट, म्हणजे १३,५०. मुलाचे ७,५०. पाणी ५,९०. दोन छोट्या आप्फेलशोर्ले ५,२०.

तुमचं उत्तर ५३ आलं असेल, तर तुम्ही मुलीला किंडरश्नित्सेल दिलंत. 'बिस १० यारे' म्हणजे दहा वर्षांपर्यंत, आणि ती अकरा वर्षांची आहे. वय वाचलं जातं, पण ती 'मुलगी' आहे म्हणताच हात आपोआप 'किंडर'कडे जातो. प्रश्नात वय दिलं असलं की ते सजावट म्हणून नसतं, पाटीवर कुठेतरी त्याची अट असणारच. उंटर, बिस, आप हे तीन शब्द इथे ओळखीचे हवेत. 'उंटर ६' म्हणजे सहा पूर्ण न झालेले, 'आप ६' म्हणजे सहा आणि त्यापुढचे. 'बिस १०' मध्ये बरोबर दहा वर्षांचं मूल बसतं का यावर जर्मन माणसंसुद्धा वाद घालतात. म्हणून शहाणा प्रश्नकर्ता मुलाचं वय नेमकं सीमेवर ठेवत नाही, किंवा ठेवलंच तर 'आइनश्लीसलिश' म्हणजे 'धरून' असा शब्द पाटीवर घालतो.

५७,५० आलं असेल तर केचप आणि मायोनेजचे मिळून तुम्ही ५० सेंट धरलेत. ५५,४० आलं असेल तर मुलांना एकाच ग्लासात शोर्ले प्यायला लावलंत. ५४,९० आलं असेल तर दोन्ही केलंत. तिन्ही चुकांचा उगम एकच, 'ये' हा दोन अक्षरांचा शब्द. लिहिताना तो 'जे'सारखा दिसतो आणि वाचताना डोळा त्यावरून घसरतो. मराठीत त्याला फार चपखल जोड आहे: 'ये' म्हणजे 'प्रत्येकी'. मेन्यूवर तो किमतीआधी येतो, प्रश्नात तो संख्येआधी येतो, आणि दोन्हीकडे तो गुणाकार करायला सांगतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी 'ये' दिसला की त्यावर गोल काढायला लावते आणि गोलाशेजारी किती जण किंवा किती वस्तू ते लिहायला सांगते. दुसऱ्या कुठल्याही शब्दाला मी खूण करू देत नाही. सगळा कागद रंगवला की कशालाच अर्थ राहत नाही.

६१,९० आलं तर तुम्ही आईसाठी वेगळं बायलागेनझालाट लावलंत. 'मिट झालाट' म्हणजे सॅलड त्या ९,९० मध्येच आलं. इथे घोळ शब्दाचा नसून सवयीचा आहे. आपल्याकडच्या हॉटेलात भाजी वेगळी, पोळी वेगळी, भात वेगळा मोजतात, त्यामुळे दोन नावं दिसली की आपण दोन किमती शोधतो. जर्मन मेन्यूवर 'मिट'नंतर येतं ते सगळं त्याच किमतीत. 'ओडर' असेल तर त्यातलं एक निवडायचं, त्याचेही जादा पैसे नाहीत. जादा पैसे असले तर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं: आउफप्राइस, किंवा 'त्सुत्स्यूग्लिश' आणि पुढे आकडा.

काही जणांचं उत्तर ५८ पेक्षा बरंच मोठं येतं, अडुसष्ट-एकोणसत्तरच्या आसपास. त्यांनी बेरजेवर कर चढवलेला असतो. आपल्याकडे मेन्यूच्या तळाशी 'टॅक्सेस एक्स्ट्रा' वाचून वाचून डोळे तयार झालेत, त्यामुळे 'मेअरवेअर्टश्टॉयर' हा लांबलचक शब्द दिसला की हात टक्केवारीकडे वळतो. जर्मनीत ग्राहकाला दाखवायची किंमत ही करासकट अंतिम किंमतच असावी लागते, तसा नियमच आहे. तेव्हा मेन्यूवरचा आकडा म्हणजे द्यायचा आकडा. फक्त बाटलीची किंवा कपाची अनामत, म्हणजे 'फान्ट', वेगळी असू शकते. नाताळच्या बाजारात गरम वाइनच्या पाटीवर 'त्सुत्स्यूग्लिश ३ युरो फान्ट' असं लिहिलेलं असतं. तिथे 'आधी किती द्यावे लागतील' आणि 'शेवटी किती खर्च झाला' या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात, कारण कप परत केला की ते तीन युरो परत मिळतात.

आता ५९,३०. हे उत्तर मला सगळ्यात आवडतं, कारण त्यावरून मला लगेच काही कळत नाही आणि पुढचा प्रश्न विचारावा लागतो. सूपचे ३,५० ऐवजी ४,८० धरले की १,३० वाढतात आणि ५९,३० होतात. पण ते का धरले? तळाची बारीक ओळ वाचलीच नाही म्हणून, की ती वाचूनही वेळ चुकली म्हणून? म्हणून मी विचारते, "कुटुंब किती वाजता आलं?" निम्मी मुलं सांगतात, "अडीच वाजता." अडीचला मुख्य पदार्थासोबतच्या सूपची दुपारची सवलत संपलेली असते, त्यामुळे ४,८० लावणं त्यांच्या परीने अगदी तर्काला धरून असतं.

'हाल्प त्स्वाय' म्हणजे दीड. हाल्प म्हणजे अर्धा, त्स्वाय म्हणजे दोन, आणि जोडून अर्थ होतो दोनाच्या दिशेने अर्धा तास गेलेला. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं 'हाफ पास्ट टू' ऐकतात, मराठी माध्यमाची 'साडे'चा हिशोब लावतात, आणि दोन्ही वाटा अडीचवर येऊन थांबतात. खरं तर मराठी माणसाला हे सोपं जायला हवं. आपल्याकडे पावणेदोन आहे ना? पावणेदोन म्हणताना आपण दोनचं नाव घेतो, पण वेळ एक आणि दोनच्या मधली असते. पुढच्या तासाचं नाव घेऊन मागची वेळ सांगायची ही खोड आपल्या अंगात आहेच. तीच 'हाल्प'ला लावायची. हाल्प द्राय अडीच, हाल्प फीअर साडेतीन. श्वाबेनमध्ये तर 'द्रायफिअर्टल फीअर' असंही म्हणतात, म्हणजे चाराच्या वाटेवर पाऊण तास: आपलं पावणेचार, जसंच्या तसं. आणि 'फिअर्टल फीअर' म्हणतात तेव्हा ते सव्वाचार समजू नका. चाराच्या वाटेवरचा पाव तास म्हणजे सव्वातीन. हे पुस्तकात बहुतेक नसतं, वॉर्डात ड्यूटी बदलताना मात्र कानावर पडेल.

वेळेबरोबर वारही बघायचा. इथे 'मोंटाग बिस फ्राइटाग' आहे, त्यामुळे बुधवार सरळ बसतो. पण पाटीवर 'वेअर्कटाग्स' असेल तर जपून. कामाचे दिवस म्हणून आपण सोमवार ते शुक्रवार धरतो, पण जर्मन कायद्यात शनिवारही 'वेअर्कटाग' आहे. वगळला जातो रविवार आणि सुट्टीचा दिवस.

६१,६० आलं असेल तर तुम्ही मुलांना मोठे ग्लास दिलेत. 'क्लाइने' हा शब्द मेन्यूवर कुठेच नाही, तिथे फक्त ०,२ आणि ०,४ आहेत. जुळवणी तुम्ही करायची. तसंच 'मांस नसलेला पदार्थ' हे शब्दही मेन्यूवर नाहीत. केसश्पेट्स्ले म्हणजे अंड्या-मैद्याच्या पिठाच्या छोट्या शेवया चीजमध्ये परतून वर तळलेला कांदा, हे माहीत असावं लागतं किंवा उरलेले दोन्ही पदार्थ श्नित्सेल आहेत म्हणून ओळखावं लागतं. प्रश्नकर्ता पाटीवरचा शब्द प्रश्नात जसाच्या तसा क्वचितच ठेवतो. ठेवलाच तर मी सावध होते, कारण बऱ्याचदा तेच चुकीचं उत्तर असतं. (जाता जाता, तुम्ही शाकाहारी असाल तर तिकडे 'लिन्सेन मिट श्पेट्स्ले' वाचून मसूर आहेत म्हणून हरखून जाऊ नका. श्वाबेनमध्ये त्यावर सॉसेजची जोडी येते. आणि सूप कशाच्या पाण्यात केलंय तेही विचारा.)

एवढ्यावरून दिसेल की या पानावरची बेरीज दुसरी-तिसरीतली आहे आणि चुका सगळ्या बेरजेच्या आधीच होऊन गेल्या आहेत. म्हणून वेळ पुरत नाही या तुमच्या तक्रारीवर माझा उपाय उलटा आहे: मेन्यू वरून खाली वाचू नका. तुम्ही बहुधा टागेसझुपेपासून सुरू करून प्रत्येक पदार्थाचा अर्थ लावत उतरता. त्यातले काही पदार्थ प्रश्नात येतच नाहीत. मी आधी प्रश्न वाचायला लावते आणि माणसागणिक एक ओळ करायला लावते: आई, बाबा, मुलगी, मुलगा, सामायिक. मग मेन्यूच्या तळाची बारीक अक्षरं. मग कंसातल्या अटी. किमती सगळ्यात शेवटी, आणि त्या त्या माणसाच्या ओळीत. बेरीज एकदाच, तीही मनात मराठीत. जर्मनमध्ये बेरीज करायचा हट्ट कोणी धरला तर ऐकू नका. मी स्वतः अजूनही मराठीतच करते.

माणसागणिक ओळी करण्याचा आणखी एक फायदा आहे. जर्मनीत वेटर पैसे घेताना विचारतो, "त्सुझामेन ओडर गेट्रेन्ट?" म्हणजे एकत्र की वेगवेगळे? मित्र जेवायला गेले तरी ज्याचं त्याने द्यायचं हे तिथे सर्रास चालतं. त्यामुळे पुढचा प्रश्न बऱ्याचदा 'मुलीच्या जेवणाचे एकटीचे किती' असा येतो. तुमच्याकडे फक्त ५८ हा एकच आकडा असेल तर सगळं पुन्हा मोजावं लागतं. ओळी असतील तर १३,५० अधिक २,६०, म्हणजे १६,१० तयार आहे.

आता आकड्यांबद्दल, कारण इथे वाचनापेक्षा वेगळ्या प्रकारची चूक होते. आपण १,२५० असा स्वल्पविराम हजारासाठी देतो. जर्मन माणूस हजारासाठी टिंब देतो आणि स्वल्पविराम दशांशासाठी वापरतो. ९,९० म्हणजे नऊ युरो नव्वद सेंट हे तुम्हाला वर्गात सांगितलं असेलच. पण हल्ली काही हॉटेलं शोभेसाठी शेवटचं शून्य गाळतात आणि ८,५ असं छापतात. ते आठ युरो पन्नास आहे, आठ युरो पाच सेंट नव्हे. स्वल्पविरामानंतर आडवी रेघ असेल, १२,– अशी, तर ते नुसते बारा युरो. किमतीआधी पदार्थाच्या नावाला चिकटून बारीक आकडे किंवा अक्षरं असतात, कोलाच्या डोक्यावर १ आणि ९ वगैरे. ते किमतीचा भाग नाहीत. रंग, कॅफीन, ग्लुटेन यांची ती खूण असते आणि अर्थ शेवटच्या पानावर दिलेला असतो. 'अमुकला दाण्यांची ॲलर्जी आहे, तो काय खाऊ शकतो' या प्रश्नाचं उत्तर पदार्थाच्या नावात नसून तिथे असतं. खडूने लिहिलेल्या फळ्यावर तर आणखी गंमत. जर्मन हातातल्या इंग्रजी १ ला डावीकडे लांब उतरती शेपूट असते, तो आपल्याला ७ दिसतो. त्यांच्या ७ ला मधोमध आडवी रेघ असते. रेघ नसेल तर तो १ धरा.

ऐकायचा आकडा असेल तर मात्र तुमच्या हातात एक हुकमी पत्ता आहे, आणि तो इंग्रजीवाल्यांकडे नाही. समजा वरच्या प्रश्नातच पुढे आहे: बाबा सत्तर युरो देतात आणि म्हणतात, "त्स्वाय-उंट-झेश्त्सिश, बिटे." किती परत मिळतील? वर्गात उत्तरं येतात बारा, आठ आणि चव्वेचाळीस. बारा म्हणणाऱ्यांनी ७० मधून ५८ वजा केले. बाबा काय म्हणाले ते त्यांनी सोडून दिलं. जर्मनीत बक्षिसी टेबलावर ठेवून जाण्याऐवजी बक्षिसीसह किती घ्यायचे तो आकडा पैसे देतानाच वेटरला सांगायची पद्धत आहे. चव्वेचाळीस म्हणणाऱ्यांना पद्धत माहीत होती, पण 'दोन आणि साठ' ऐकून त्यांनी आकडे ऐकले तसे डावीकडून मांडले आणि २६ लिहिलं. बिल ५८ असताना कोणी २६ घ्या म्हणेल का, एवढा प्रश्न स्वतःला विचारला असता तरी चूक सापडली असती. बरोबर उत्तर आठ. बाबांनी बासष्ट घ्यायला सांगितलं, चार युरो बक्षिसी.

बासष्ट हा शब्द जरा सावकाश म्हणून बघा. बा-सष्ट. आधी दोन, मग साठ. त्रेपन्न: तीन, मग पन्नास. सदुसष्ट: सात, मग साठ. मराठी आकडा नेमका जर्मनसारखाच एककापासून सुरू होतो. म्हणून जर्मन आकडा कानावर पडला की इंग्रजी 'सिक्स्टी-टू'कडे जाऊ नका. थेट 'बासष्ट' म्हणा आणि मग लिहा. उलटापालट होतच नाही. एकच जागा सांभाळायची, नवाची. नॉयन-उंट-फीअर्त्सिश म्हणजे नऊ आणि चाळीस, पण मराठीत आपण पन्नासातून एक वजा करून एकोणपन्नास म्हणतो. एकोणीसपासून थेट एकोणनव्वदपर्यंत हा खड्डा दर दहाला येतो, नव्व्याण्णवला तो नाही. किमतींचा शेवट नवावर करायची हौस दुकानदारांना सगळीकडेच असते, त्यामुळे हे आठ आकडे वेगळे पाठ करा.

ज्यांना मराठी आकडेच पाठ नाहीत त्यांना अर्थात ही वाट बंद आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मुलांना सोपं जावं हा त्यामागचा विचार मला पटत होता. नॉर्वेने १९५१ मध्ये नेमका हाच बदल सरकारी निर्णयाने केला. पण जर्मनच्या वर्गात बासष्ट आणि सदुसष्ट म्हणणारी मुलं पुढे जाताना बघते तेव्हा माझं मत डळमळतं, हेही खरं.

तुलनेचे प्रश्न तुम्ही विचारलेत त्यात 'वीस युरोत काय येईल' आहे. तिथे दोन शब्द अडवतात. 'ह्योख्स्टन्स' म्हणजे जास्तीत जास्त आणि 'मिंडेस्टन्स' म्हणजे कमीत कमी. दुसऱ्याचा आवाज 'मायनस'सारखा वाटतो म्हणून मुलं त्याचा अर्थ 'पेक्षा कमी' करतात आणि पूर्ण उत्तर उलटं होतं. 'मिंडेस्टन्स २० युरो' खर्च करणाऱ्याला वीस किंवा त्याहून जास्त खर्च करायचे आहेत. 'रायखेन त्स्वान्त्सिश युरो?' असं विचारलं तर वीस पुरतील का असा प्रश्न आहे. उत्तर 'या' म्हणजे हो किंवा 'नाईन' म्हणजे नाही, आणि पुढे कारण, नुसती बेरीज लिहून चालत नाही. आणि स्वस्त काय असं विचारलं तर आधी कशाच्या मापाने ते बघा. वरच्या मेन्यूत छोटं पाणी २,४० ला आहे, बाटली ५,९० ला. एकट्याला स्वस्त ते छोटं. पण तिघांना प्रत्येकी पाव लिटर हवं असेल तर तीन ग्लासांचे ७,२० होतात आणि बाटली १,३० ने स्वस्त पडते.

उत्तर लिहिताना 'युरो'चं अनेकवचन करू नका, रकमेसोबत ते ५८ युरोच राहतं. आणि १३,४० वाचताना मध्ये 'कोमा' म्हणण्याऐवजी द्रायत्सेन युरो फीअर्त्सिश म्हणा.

पुढच्या वेळी वर्गात असा कागद मिळाला की तुमची चुकलेली उत्तरं आणि तो मेन्यू इथे टाका. आकडे तेवढे पुरेत, स्पष्टीकरण नको.